फ्रेंच कावळा हुशार कसा झाला

फ्रेंच मुलांना पहिल्यांदा भेटतो तो कावळा चक्क बावळट आहे. ला फोंतेन या कवीच्या १६६८ च्या पद्यकथासंग्रहातल्या दुसऱ्याच कथेत तो कोल्ह्याच्या स्तुतीला भुलतो, गायला चोच उघडतो आणि चीज गमावून बसतो. पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी ही कविता पाठ केली. तत्त्वज्ञ रूसोला मात्र ते पसंत नव्हतं. १७६२ च्या ‘एमिल’ या शिक्षणावरच्या पुस्तकात त्याने तिची ओळीओळीने चिरफाड केली. ‘झाडावर बसलेला’ हे फ्रेंचमध्ये ‘पेर्शे स्यूर अँनार्ब्र’ असं म्हणायला हवं, पण कवितेत ‘स्यूर अँनार्ब्र पेर्शे’ असा उलटा क्रम आहे. हे मुलाला कसं उलगडून सांगणार? शिवाय मुलं कावळ्याला हसतात आणि कोल्ह्याच्या बाजूने होतात, हा त्याचा दुसरा आक्षेप.

हुशार कावळा इसापकडून आला: रांजणात खडे टाकून पाणी वर आणणारा, आपल्याही ओळखीचा. फ्रेंचमध्ये त्याला बऱ्याचदा ला फोंतेनच्या ‘कॉर्बो’ऐवजी ‘कॉर्नेय’ म्हणतात. कॉर्नेय म्हणजे कॉर्बोची मादी असं अनेक फ्रेंच माणसांनाही वाटतं, पण पक्षी वेगळे आहेत.

ही गोष्ट छोट्यांच्या तोंडी बसते ती पालुपदामुळे. पालुपदाच्या गोष्टींना फ्रेंचमध्ये ‘रांदोने’ म्हणतात; एरवी या शब्दाचा अर्थ लांबची पायपीट. १९५० चं ‘रूल गालेत’ हे त्यातलं गाजलेलं पुस्तक. त्यातली घरंगळणारी गालेत, म्हणजे चपटा गोल केक, भेटेल त्या प्राण्याला तेच गाणं म्हणून दाखवते. आपल्या ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’ची जातकुळी हीच.

खड्यांची गोष्ट या साच्यात आयती बसते. ‘एल प्राँ अँ कायू. प्लूफ! लो मोंत.’ कॉर्नेय एक खडा घेते, डुबुक, पाणी चढतं. पुढच्या फेरीला ‘द कायू’, मग ‘त्र्वा कायू’. अनेकवचनाला लिहिताना शेवटी ‘एक्स’ लागतो, पण कानाला ‘कायू’ तेच राहतं. म्हणजे एक की अनेक हे मुलाला आधीच्या शब्दावरूनच ओळखावं लागतं, आणि फ्रेंच शिकताना कानाला हीच सवय लागायला हवी. दर फेरीत एवढा एक शब्द बदललाच पाहिजे. ओळ जशीच्या तशी राहिली तर मुलं सुरात ओरडतात, ऐकत मात्र नाहीत.

वर्गात बाटली घेऊन गोष्ट करून दाखवताना पाणी निम्म्याच्या वर ठेवावं. तळाशी थोडंसंच असलं तर ते खड्यांमधल्या फटींतच राहतं, वर येत नाही आणि पालुपद खोटं पडतं.

प्रत्येक खड्यानंतर वर्ग म्हणतो, ‘एल न प पा ब्वार’, तिला पिता येत नाही. शेवटच्या खड्याला त्यातले ‘न’ आणि ‘पा’ गळतात, उरतं ‘एल प ब्वार’. एखादं मूल सवयीने ‘पा’ म्हणून जातं आणि शेजारचं त्याला लगेच अडवतं.