सर्व्हरलेस फंक्शनवर चालणारा नियोजित अहवाल

रोज ठरलेल्या वेळी आपोआप सुरू होऊन साठवलेल्या नोंदींवरून अहवाल तयार करायचा, तो पाठवायचा आणि थांबायचे, एवढेच काम करणारा छोटा प्रोग्रॅम क्लाउड फंक्शन म्हणून चालवण्याची ही पद्धत आहे. दिवसभर चालू ठेवलेला सर्व्हर इथे नसतो. प्रोग्रॅम जितके सेकंद चालतो तितक्याच सेकंदांचे पैसे द्यावे लागतात. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालेली ॲमेझॉनची लॅम्डा ही या प्रकारची सर्वाधिक परिचित सेवा आहे. पुढील विवेचन तिच्याच आधारे केले आहे.

उदाहरणासाठी ३०० सभासदांची एक दूध संस्था घेऊ. सकाळ-संध्याकाळच्या संकलनात प्रत्येकाचे लिटर, फॅट, एसएनएफ आणि दर डेटाबेसमध्ये जातात. पहाटे ५ वाजता, म्हणजे सकाळचे संकलन सुरू होण्याआधी, सचिवांना आदल्या दिवसाचा गोषवारा आणि प्रत्येक सभासदाच्या चालू बिलाची रक्कम असलेली पीडीएफ ई-मेलने हवी आहे. समजा, फंक्शनला ५१२ एमबी मेमरी दिली आहे आणि कामाला ४० सेकंद लागतात.

लॅम्डाचा हिशेब मेमरी आणि वेळ यांच्या गुणाकारावर, म्हणजे जीबी-सेकंदांवर होतो. अर्धा जीबी, ४० सेकंद आणि ३० दिवस यांचा गुणाकार ६०० जीबी-सेकंद होतो. एका जीबी-सेकंदाचा दर ०.००००१६६६६६७ डॉलर असल्याने महिन्याचा खर्च एक सेंट येतो. तोही बहुधा द्यावा लागत नाही, कारण दरमहा ४ लाख जीबी-सेकंद आणि १० लाख रिक्वेस्ट मोफत असतात. मेमरी वाढवली की प्रोसेसरचा वाटाही त्याच प्रमाणात वाढतो. त्यामुळे २५६ एमबीवर ८० सेकंद घेणारे काम ५१२ एमबीवर ४० सेकंदांत झाले, तर पैसे तितकेच लागतात आणि वेळ वाचतो. मेमरीत केलेली काटकसर इथे सहसा कामी येत नाही.

खरा खर्च फंक्शनच्या शेजारी उभा राहतो. डेटाबेस सुरक्षिततेसाठी खासगी नेटवर्कमध्ये ठेवलेला असतो, म्हणून फंक्शनही त्याच नेटवर्कला जोडावे लागते. तसे जोडले की त्याचा इंटरनेटशी संबंध तुटतो. याची खूण ओळखण्यासारखी आहे: डेटाबेसमधील नोंदी व्यवस्थित वाचल्या जातात, पीडीएफ तयार होते आणि ई-मेल सेवेला हाक मारताच प्रोग्रॅम गप्प होतो. चूक दाखवणारा संदेश येत नाही, शेवटी वेळमर्यादा संपल्याची नोंद तेवढी दिसते. यावर नेहमी सुचवला जाणारा उपाय म्हणजे नॅट गेटवे, खासगी नेटवर्कमधून इंटरनेटवर जाण्याचा दरवाजा. त्याचे भाडे अमेरिकेतील व्हर्जिनिया विभागाच्या दराने ताशी ०.०४५ डॉलर, म्हणजे ३० दिवसांचे ३२.४० डॉलर होते. डेटाचे आणि आयपी पत्त्याचे पैसे वेगळे. मुंबई विभागात हा दर आणखी चढा आहे. रोज ४० सेकंदांच्या कामासाठी चोवीस तास भाडे भरणारा हा दरवाजा छोट्या संस्थेने घेऊ नये.

त्याऐवजी काम दोन फंक्शनांत विभागता येते. पहिले फंक्शन खासगी नेटवर्कमध्ये राहून पीडीएफ तयार करते आणि एस-थ्री या फाइल साठवणुकीत ठेवते. खासगी नेटवर्कमधून तिथवर जाणारा मार्ग, म्हणजे गेटवे एंडपॉइंट, विनामूल्य असतो. फाइल आली की साठवणूकच दुसऱ्या फंक्शनला जागे करते. ते खासगी नेटवर्कबाहेर असते आणि ई-मेल पाठवते.

वेळ ठरवण्याचे काम इव्हेंटब्रिज शेड्युलर ही सेवा करते. नोव्हेंबर २०२२ पासून उपलब्ध असलेल्या या सेवेत वेळेचा पट्टा सांगता येतो:

```
cron(0 5 * * ? *)
Asia/Kolkata
```

जुन्या इव्हेंटब्रिज नियमांत फक्त यूटीसी, म्हणजे भारताच्या साडेपाच तास मागे असलेली जागतिक वेळ चाले आणि पहाटे ५ साठी आदल्या दिवसाचे २३:३० लिहावे लागे. नव्या सोयीमुळे ती कसरत टळली, पण फंक्शनमधले घड्याळ अजून यूटीसीवरच चालते. भारतात पहाटेचे ५ वाजलेले असताना त्या घड्याळात कालचीच तारीख असते. प्रोग्रॅमने तीतून एक दिवस वजा केला की सचिवांच्या हाती परवाचा अहवाल पडतो. आकडे खरे आणि बेरीज बरोबर असल्याने ही चूक लवकर ध्यानात येत नाही. हेच काम सकाळी ७ वाजता ठेवले, तर चूक दिसणारच नाही, कारण साडेपाचनंतर दोन्ही तारखा जुळतात. म्हणून तारीख भारतीय वेळेनुसारच काढावी:

```python
from datetime import datetime, timedelta, timezone

IST = timezone(timedelta(hours=5, minutes=30))
kal = datetime.now(IST).date() - timedelta(days=1)
```

डेटाबेसमध्ये वेळा यूटीसीत साठवल्या असतील, तर दिवसाची हद्दही आदल्या दिवशीच्या १८:३० पासून त्या दिवशीच्या १८:३० पर्यंत धरावी लागते.

शेड्युलर फंक्शनला फक्त निरोप देतो आणि उत्तराची वाट पाहत नाही. फंक्शन कोसळले तर लॅम्डा स्वतःहून आणखी दोनदा प्रयत्न करते, पहिल्यांदा एका मिनिटाने आणि मग दोन मिनिटांनी. तिन्ही प्रयत्न फसले तरी शेड्युलरच्या लेखी काम झालेले असते, कारण निरोप पोहोचलेला असतो. त्यामुळे फसलेल्या प्रयत्नांची नोंद ठेवायची सोय फंक्शनवर लावावी लागते. ती फक्त शेड्युलरवर लावली, तर रिकामी पेटी पाहून सारे ठीक असल्याचा समज होतो.

फेरप्रयत्नांची दुसरी बाजू म्हणजे दुबार ई-मेल. पीडीएफ ठेवून झाल्यावर पहिले फंक्शन कोसळले, तर पुढच्या प्रयत्नात तीच फाइल पुन्हा लिहिली जाते आणि दुसरे फंक्शन पुन्हा जागे होते. फाइलच्या नावात अहवालाची तारीख घालावी आणि `IfNoneMatch="*"` ही अट लावावी. मग त्या नावाची फाइल आधीच असल्यास लिहिणे नाकारले जाते. हा नकार प्रोग्रॅमने चूक न मानता काम आधीच झाल्याची खूण समजावी. साठवणुकीचा निरोपही क्वचित दोनदा येतो, तेवढी एखादी दुबार प्रत सचिवांना चालण्यासारखी आहे. वेळापत्रकच कुणी बंद केले, तर मात्र चूकही घडत नाही. त्यासाठी चोवीस तासांत फंक्शन एकदाही चालले नाही तर वाजणारा इशारा लावावा आणि आकडा न येणे हेच धोक्याचे समजावे, अशी त्यात नोंद करावी.

फंक्शनची वेळमर्यादा सुरुवातीला ३ सेकंदांवर ठेवलेली असते. ती वाढवायची राहिली, की लॉगमध्ये `Task timed out after 3.00 seconds` ही ओळ तीनदा दिसते. ४० सेकंदांच्या कामाला २ मिनिटे पुरेशी आहेत. कमाल मर्यादा १५ मिनिटे आहे. २०१८ पर्यंत ती ५ मिनिटे होती. तिच्यापलीकडे पैसे देऊनही जाता येत नाही, आणि वेळ संपताच काम जिथे असेल तिथे तोडले जाते. एका संस्थेचा अहवाल या मर्यादेच्या आसपासही जात नाही. तालुक्यातल्या साऱ्या संस्थांची बिले एकाच फंक्शनमध्ये करायला घेतली, तर मात्र ती आडवी येते. तेव्हा प्रत्येक संस्थेसाठी वेगळा निरोप पाठवून फंक्शन तितक्या वेळा चालवावे. काम तोडण्याजोगे नसेल, तर फारगेटसारख्या कंटेनर सेवेवर न्यावे. तिथे १५ मिनिटांची अट नाही.