पिस्तुलाचा ग्रिप अँगल (मुठीचा कोन) आणि हाताची ठेवण

ग्रिप अँगल म्हणजे पिस्तुलाची मूठ नळीच्या रेषेला किती तिरकी बसवलीय तो कोन. मोजायच्या दोन पद्धती आहेत आणि त्यातच बरेच जण गोंधळतात. काही लोक नळीपासून मोजतात, मग आकडा १०८ किंवा ११२ असा येतो, आणि काही लोक उभ्या रेषेपासून मोजतात, मग तोच आकडा १८ किंवा २२ होतो. इथे सगळीकडे उभ्या रेषेपासूनचा कोन घेतलाय. १९११ पद्धतीच्या पिस्तुलाचा कोन साधारण १८ अंश, ग्लॉकचा साधारण २२, आणि जुन्या जर्मन लुगरचा जवळपास ३५. आकडा जितका मोठा तितकी मूठ खालच्या बाजूने मागे, म्हणजे मनगटाकडे, झुकलेली.

एखादं पिस्तूल उचललं की आपसूक निशाण्यावर येतं आणि दुसरं उचललं की नळी वर आभाळाकडे नाहीतर खाली जमिनीकडे जाते, हा अनुभव बहुतेक नेमबाजांना असतो. पण एकाला जे पिस्तूल आपसूक वाटतं तेच शेजारच्याला अवघडल्यासारखं वाटतं, आणि मग कुठला कोन "बरोबर" यावर वाद होतात. खरं म्हणजे कोन एकट्या पिस्तुलाचा नसतोच, तो पिस्तूल आणि हात या दोघांचा मिळून असतो.

मनगटाचा हिशोब

एक पेन्सिल घ्या, मुठीत धरा, हात समोर सरळ आडवा करा आणि मनगट कुठेही न वाकवता सैल ठेवा. पेन्सिल ताठ उभी राहत नाही, तिचं वरचं टोक थोडं पुढे झुकतं. तो झुकाव म्हणजे तुमच्या हाताचा स्वतःचा ग्रिप अँगल. बाजूने फोनवर फोटो काढून मोजता येतो, आणि दोन माणसांचा मोजलात तर बहुतेक वेळा वेगवेगळा येईल, कारण हाडांची ठेवण, तळव्याच्या गाद्यांची जाडी, करंगळीची लांबी सगळं वेगळं. पिस्तुलाची मूठ या पेन्सिलीपेक्षा जास्त तिरकी असेल तर सैल मनगटात नळी वर जाते, आणि मूठ जास्त उभी असेल तर नळी खाली पडते. मग ती सरळ करायला मनगट करंगळीच्या बाजूला खाली किंवा अंगठ्याच्या बाजूला वर वाकवावं लागतं.

आता यात खांदा आणि मान पण येतात, ज्याचा विचार फार कमी लोक करतात. पिस्तूल डोळ्यासमोर आणायचं असतं पण हात खांद्यातून निघतो, आणि खांदा डोळ्याच्या खाली असतो. समजा हात ६० सेंटीमीटर लांब आहे आणि मूठ खांद्यापेक्षा १५ सेंटीमीटर वर न्यावी लागते, तर हात जवळपास १४ अंश वर चढलेला असतो. मनगट सैल ठेवलं तर पेन्सिलही तेवढीच मागे कलते, म्हणजे लांब मान आणि उतरते खांदे असलेल्याला तिरक्या मुठीचं पिस्तूल अजूनच वर दाखवतं. उलट जो माणूस खांदे वर उचलून डोकं थोडं पुढे-खाली करून उभा राहतो त्याचा हात जवळपास आडवा येतो आणि त्याला तीच तिरकी मूठ ठीक बसते. म्हणजे उभं राहायची पद्धत बदलली की "नैसर्गिक" कोन पण बदलतो, हात तोच असला तरी!

दोन्ही हातांनी धरलं की अजून फरक पडतो. हल्लीच्या पद्धतीत आधार देणाऱ्या हाताचं मनगट मुद्दाम खाली वळवून घट्ट करतात आणि दोन्ही अंगठे पुढे ठेवतात, त्यामुळे सगळी पकड आपोआप पुढे झुकते आणि तिरकी मूठ चालून जाते. एका हाताने, सरळ ताणलेल्या हाताने नेम धरणाऱ्याला मात्र तोच कोन जास्त वाटतो.

१९११ ची पाठ

हा सगळा विषय नीट समजून घ्यायचा असेल तर १९११ ची गोष्ट सगळ्यात उपयोगी. जॉन ब्राउनिंगचं हे पिस्तूल अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये स्वीकारलं तेव्हा मुठीच्या मागची खालची पट्टी, जिच्या आत मेनस्प्रिंग असते आणि जिला मेनस्प्रिंग हाउसिंग म्हणतात, ती सपाट होती. पहिल्या महायुद्धातल्या वापरानंतर तक्रारी आल्या, त्यातली एक अशी की बऱ्याच जणांच्या हातात नळी खाली झुकते. मग १९२० च्या दशकात बदल केले आणि १९२६ मध्ये त्या पिस्तुलाला एम १९११ ए १ नाव मिळालं. त्यात नळी तीच, मॅगझिन तेच, चौकटीचा कोन तोच, पण ती मागची पट्टी सपाट न ठेवता फुगीर, कमानीसारखी केली.

एवढ्याने नळी वर का आली? कारण मूठ वरती अंगठा आणि तर्जनीच्या बेचकीत अडकलेली असते, तो झाला टेकू. खालचा फुगवटा तळव्याच्या टाचेवर दाबतो आणि मुठीचं खालचं टोक पुढे ढकलतो, आणि टेकूभोवती फिरताना खालचं पुढे गेलं की नळीचं तोंड वर. कागदावरचा कोन एका अंशानेही बदलला नाही, पण तळवा जिथे टेकतो ती रेषा बदलली, आणि हाताला फक्त तीच रेषा कळते. म्हणूनच आकड्यांची तुलना करून दोन पिस्तुलांबद्दल बोलणं मला अपुरं वाटतं. ग्लॉकच्या मुठीला पण मागे खालच्या अर्ध्या भागात असा फुगवटा आहे, त्यामुळे १९११ ची सवय असलेल्याला जाणवणारा फरक नुसत्या चार अंशांपेक्षा जास्त असतो.

पुढे सिव्हिलियन नेमबाजांनी बऱ्याच प्रमाणात परत सपाट पट्टी पसंत केली, आणि आज १९११ च्या दोन्ही पट्ट्या मिळतात. पहिला निर्णय चुकीचा होता असा याचा अर्थ नाही. एका हाताने सरळ उभं राहून मारणारे लोक आणि दोन हातांनी घट्ट धरून मारणारे लोक यांची गरजच वेगळी.

कोन मुळातच का नाही बदलत, तर अडचण मॅगझिनची. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात मॅगझिन मुठीच्या आतून वर जातं, म्हणून मुठीचा कोन म्हणजे गोळ्या वर चढायचा कोन, तो बदलायचा तर नवीन पिस्तूलच डिझाइन करावं लागतं. रुगरने हेच केलं. त्यांचं १९४९ चं .२२ पिस्तूल लुगरसारख्या तिरक्या मुठीचं होतं, आणि खूप नंतर त्याच घराण्यात १९११ सारख्या मुठीचं २२/४५ हे मॉडेल आलं. बाकी मामला जवळपास सारखा, मूठ वेगळी, आणि लोक एकेका बाजूने ठाम असतात. बाकीचे उत्पादक मागची पट्टी बदलती ठेवतात, वॉल्थरच्या पी ९९ मध्ये १९९० च्या दशकातच तीन आकारांच्या पट्ट्या आल्या. १० मीटर एअर पिस्तुलाच्या खेळात तर मूठच सुटी असते आणि तिचा कोन स्क्रूने फिरवता येतो, कारण तिथे मुठीच्या आत मॅगझिन नसतं.

चार अंशांचा फरक किती

समजा एक जण वर्षानुवर्षं १९११ चालवतोय आणि आज त्याच्या हातात ग्लॉक १७ आलं. मनगट जुन्या सवयीने लॉक झालं, आणि फुगवटा बाजूला ठेवून नुसता कोनातला फरक धरला तर नळी ४ अंश वर. या पिस्तुलाच्या दोन साइटमधलं अंतर साधारण १६५ मिलिमीटर, म्हणजे फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेपेक्षा साडेअकरा मिलिमीटर वर तरंगताना दिसेल, एवढं तर लगेच लक्षात येतं. आणि साइट न बघता तशीच गोळी सुटली तर ७ मीटरवर ती जवळपास ४९ सेंटीमीटर वर लागेल.

पण डोळे उघडे असतील तर हा माणूस अर्ध्या क्षणात मनगट खाली घेतो आणि नेम बरोबर येतो, म्हणजे फरक अचूकतेचा नसून पहिल्या क्षणाचा आहे. तो तपासायची पद्धत जुनी आणि सोपी. पिस्तूल रिकामं करायचं, मॅगझिन काढायचं, चेंबर डोळ्याने आणि बोटाने दोनदा बघायचं, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवायच्या, आणि जिच्या पलीकडे कुणी नाही अशी भिंत निवडायची. भिंतीवर डोळ्याच्या उंचीवर एक खूण, तिच्याकडे बघायचं, डोळे मिटायचे, पिस्तूल उचलून हाताला बरं वाटेल तिथे थांबायचं, मग डोळे उघडायचे. फ्रंट साइट वर दिसली तर नळी वर जातेय, खाचेत बुडालेली दिसली तर खाली. दहा वेळा करा पण विश्वास पहिल्या चार-पाचवर ठेवा, कारण नंतर हात स्वतःच शिकायला लागतो आणि उत्तर बिघडतं.

हे शिकणं खरं आहे आणि म्हणूनच "हे मला नैसर्गिक वाटतं" यातलं बरंचसं सवयीचं असतं. रोज थोडा वेळ रिकाम्या पिस्तुलाने सराव केला तर वर-खालीची चूक बहुतेकांची काही आठवड्यांत जाते. गेली नाही, किंवा ताजेपणी बरोबर येतं पण थकल्यावर परत नळी वर सरकते आणि मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला दुखतं, तर मनगट त्याच्या मर्यादेजवळ वाकवलं जातंय, तिथे पट्टी किंवा पिस्तूल बदललेलं बरं.

डावी-उजवीकडची चूक मात्र अशी जात नाही, कारण ती कोनाची नसून लांबीची असते. हात लहान आणि मुठीच्या मागच्या कडेपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर मोठं असेल तर बोट पोचवायला माणूस नकळत हात मुठीभोवती फिरवतो, मग पिस्तूल बेचकीत न बसता अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर बसतं. उजव्या हाताच्या माणसाची नळी अशा वेळी हाताच्या रेषेपेक्षा उजवीकडे बघते, आणि प्रत्येक धक्का त्या सांध्यावर येतो. दोन-तीन मॅगझिननंतर अंगठ्याचं मूळ लाल झालेलं दिसलं की ओळखायचं. १९११ ए १ मध्ये फुगीर पट्टीबरोबर ट्रिगर आखूड केला आणि ट्रिगरमागे चौकटीला दोन्ही बाजूंनी खाचा पाडल्या, त्या याच कारणासाठी. अशा हाताला फुगीर पट्टी लावून कोन सुधारायला जाणं चुकीचं ठरू शकतं, कारण फुगवटा वरपर्यंत गेलेला असेल तर ट्रिगर अजूनच लांब जातो. आधी सगळ्यात बारीक पट्टी लावून बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज येतंय का ते बघायचं, वर-खालीचं त्यानंतर.