तीस टक्के की सव्वादोन टक्के? एकाच स्टॅटिन चाचणीची दोन उत्तरे

समजा, कोल्हापुरात मार्केट यार्डात गुळाची अडत असलेले ५२ वर्षांचे गृहस्थ ओपीडीत आले आहेत. एकूण कोलेस्टेरॉल २७०, छातीत कधी दुखलेले नाही, ईसीजी स्वच्छ. टेबलावर औषध कंपनीच्या एमआरने ठेवलेले पत्रक पडले आहे आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे की कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनमुळे हृदयविकाराचा धोका तीस टक्क्यांनी कमी होतो. गृहस्थ विचारतात, "डॉक्टर, म्हणजे शंभरातल्या तीस जणांचा ॲटॅक टळतो न्हवं?" इंटर्नने मान डोलावली, तर पत्रकात एकही खोटा शब्द नसताना रुग्णाला मात्र चुकीची माहिती मिळाली असे होईल.

हा तीसचा आकडा कुठून येतो, हे १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या वॉसकॉप्स या चाचणीत स्पष्ट दिसते. पश्चिम स्कॉटलंडमधील ४५ ते ६४ वयोगटातील ६५९५ पुरुष त्यात घेतले होते. त्यांचे सरासरी कोलेस्टेरॉल २७२ मिलिग्रॅम होते आणि यापूर्वी कोणालाही हार्ट ॲटॅक आलेला नव्हता. निम्म्यांना रोज ४० मिलिग्रॅम प्रॅव्हास्टॅटिन आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, देऊन सरासरी ४.९ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले. जीवघेणा न ठरलेला हार्ट ॲटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यू, यांपैकी पहिली घटना प्लासिबो गटातील ३२९३ पैकी २४८ जणांत आणि औषध गटातील ३३०२ पैकी १७४ जणांत घडली.

म्हणजे दर हजार पुरुषांमागे प्लासिबो गटात ७५ आणि औषध गटात ५३ घटना. या दोन आकड्यांची वजाबाकी केली की हजारामागे सुमारे २३, अर्थात २.२६ टक्के, एवढी निरपेक्ष जोखीम घट मिळते (७५ वजा ५३ म्हणजे २२, अशी शंका येईल, पूर्णांक करण्यापूर्वीचे आकडे ७५.३ आणि ५२.७ आहेत). हीच वजाबाकी प्लासिबो गटाच्या ७५ ने भागली की तीस टक्के येतात आणि तीच सापेक्ष जोखीम घट होय. मूळ लेखात ३१ टक्के दिलेले आहेत, कारण तिथे घटना केव्हा घडली हेही हिशेबात घेतले होते. दोन्ही आकडे एकाच वजाबाकीतून निघतात. फरक एवढाच की सापेक्ष घट सांगताना छेदात औषधाविना ज्यांना ॲटॅक आला असता तेवढेच लोक असतात आणि निरपेक्ष घट सांगताना गोळी घेणारे सगळे असतात. अडत्यांच्या प्रश्नातला 'शंभर' हा या दुसऱ्या छेदाचा आहे आणि 'तीस' मात्र पहिल्याचा.

आता वर्षभर आधी, १९९४ साली प्रसिद्ध झालेली फोर-एस ही चाचणी शेजारी ठेवावी. तिच्यातील ४४४४ रुग्णांना अँजायना तरी होता किंवा ॲटॅक तरी येऊन गेला होता आणि औषध सिम्व्हास्टॅटिन होते. सुमारे ५.४ वर्षांत प्लासिबो गटात २८ टक्के आणि औषध गटात १९ टक्के लोकांना हृदयाची मोठी घटना घडली. घटनेची व्याख्या वॉसकॉप्सपेक्षा थोडी सैल होती, तरी सापेक्ष घट पुन्हा तिशीच्या आसपासच येते, पण निरपेक्ष घट जवळजवळ ९ टक्के आहे, म्हणजे वॉसकॉप्सच्या चौपट. पत्रकावर तीस टक्के एवढेच छापले असेल, तर ते या दोघांपैकी कोणत्या रुग्णाबद्दल आहे हे वाचणाऱ्याला कळूच शकत नाही. 'मुळात धोका किती होता?' हा प्रश्न सापेक्ष आकडा गिळून टाकतो.

एनएनटी, म्हणजे एक घटना टाळण्यासाठी किती जणांवर उपचार करावे लागतात तो आकडा, १९८८ साली मांडला गेला. गणित सोपे आहे: एकला निरपेक्ष घटीने भागायचे आणि उत्तर अपूर्णांकात आले तर वरचा पूर्णांक घ्यायचा. वॉसकॉप्ससाठी ते ४५ येते, फोर-एससाठी १२. मात्र हा आकडा एकटा उच्चारणे मला चुकीचे वाटते. '४५' हे अर्धे वाक्य आहे. पूर्ण वाक्य असे: यापूर्वी ॲटॅक न आलेल्या, पण कोलेस्टेरॉल बरेच वाढलेल्या ४५ पुरुषांनी सुमारे पाच वर्षे रोज गोळी घेतली, तर सरासरी एक पहिली घटना कमी घडते. काळ गाळला की दोन वर्षांच्या चाचणीचा एनएनटी पाच वर्षांच्या चाचणीशी ताडला जातो आणि चांगले औषध निष्कारण दुबळे दिसते.

घटना बदलली तरी आकडा बदलतो. वॉसकॉप्समध्येच कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू मोजले, तर प्लासिबो गटात १३५ आणि औषध गटात १०६ भरतात. सापेक्ष घट २२ टक्के, निरपेक्ष घट ०.९ टक्के, एनएनटी सुमारे ११३. इथे पी-व्हॅल्यू ०.०५१ होती, म्हणजे निरपेक्ष घटीचा ९५ टक्क्यांचा विश्वासपट्टा, खरी घट ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे तो पट्टा, शून्याला जेमतेम ओलांडून पलीकडे जातो. घट शून्याकडे गेली की तिचा व्यस्त, म्हणजेच एनएनटी, अनंताकडे धावतो, त्यामुळे ११३ हा आकडा कागदावर जितका पक्का दिसतो तितका तो नाही. ४५ च्या आकड्याचाही पट्टा काढला तर तो साधारण २९ ते ९३ येतो. पट्ट्याशिवाय छापलेला एनएनटी दिसला, तर दोन्ही गटांतील घटनांची संख्या शोधून पट्टा स्वतः काढावा, पाच मिनिटांचे काम आहे.

आता अडत्यांकडे परत येऊ. वॉसकॉप्समधले ४४ टक्के पुरुष धूम्रपान करणारे होते, हे गृहस्थ विडीला हात लावत नाहीत. त्यामुळे ४५ हा आकडा उचलून जसाच्या तसा त्यांना लावता येत नाही. स्टॅटिनची सापेक्ष घट वेगवेगळ्या धोक्याच्या रुग्णांत बऱ्यापैकी सारखी राहते, म्हणून ती चाचणीतून घ्यावी आणि मूळ धोका समोरच्या रुग्णाचा घ्यावा. त्यांचा पाच वर्षांचा धोका ४ टक्के धरला, तर त्याचे तीस टक्के म्हणजे १.२ टक्के निरपेक्ष घट आणि एनएनटी ८४. त्यांच्यामागे रांगेत कागलहून आलेले, गेल्या वर्षी ॲटॅक येऊन स्टेंट बसवलेले रुग्ण असतील आणि त्यांचा धोका २० टक्के धरला, तर घट ६ टक्के आणि एनएनटी १७. या गणितातला सर्वांत कच्चा दुवा मूळ धोक्याचा अंदाज आहे. परदेशी लोकसंख्येवर बेतलेले कॅल्क्युलेटर आपल्या रुग्णांचा धोका नेमका सांगतीलच असे नाही, म्हणून अंदाजाच्या दोन टोकांना दोन एनएनटी काढून पाहावेत.

एनएनटी ८४ म्हणजे ८३ जणांची गोळी वाया गेली, असाही अर्थ काढला जातो. तो बरोबर नाही. रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्या अशाच ८४ जणांना पाच वर्षे गोळी दिली, तर सरासरी एक घटना कमी होईल एवढेच चाचणी सांगते. ती नेमकी कोणाची टळली, किंवा कोणाची दोन वर्षे पुढे ढकलली गेली, हे आकड्यात नसते.

अडत्यांना द्यायचे उत्तर मग साधारण असे होते: "काका, तुमच्यासारख्या शंभर जणांनी गोळी घेतली नाही, तर पाच वर्षांत अंदाजे चौघांना ॲटॅक येईल. सगळ्यांनी रोज घेतली, तर तिघांना येईल. बाकीच्या ९६ जणांना गोळी न घेताही तो आला नसता. तुम्ही त्यांतले कोण, हे मला आज सांगता येत नाही."