पिठात, डाळीत ठिपके दिसताहेत? फोटोवरून कीड कशी ओळखायची
(गिरणीच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

पावसाळा सुरू झाला की आमच्या गिरणीच्या व्हॉट्सॲपवर रोज एखादा तरी फोटो येतो. डब्यातली कणीक, त्यात तपकिरी ठिपके आणि खाली प्रश्न, "हे सोंडे आहेत का?" फोटोवरून बऱ्याचदा सांगता येतं, पण फोटो नीट काढलेला असेल तरच. ट्यूबलाइटखाली, उभ्या डब्यात वरून काढलेल्या फोटोत कोंडा आणि किडा सारखेच दिसतात.

फोटो कसा काढायचा

चमचाभर पीठ पांढऱ्या कागदावर पातळ पसरा. शेजारी शाळेची पट्टी ठेवा, मिलिमीटरच्या रेघा दिसतील अशी. कागद खिडकीजवळ न्या म्हणजे उजेड बाजूने पडेल आणि प्रत्येक कणाची सावली दिसेल. मोबाइल अगदी टेकवू नका, वीतभर अंतरावरून काढा आणि मग फोटो कापा. एक फोटो झाला की कागदाला हात न लावता दहा मिनिटांनी दुसरा काढा. हालवलं की सोंडे पाय आखडून मेल्यासारखे पडून राहतात, म्हणून लगेच काढलेल्या फोटोत ते काडीकचऱ्यासारखे वाटतात. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. साधा पाठवला की फोटो दबतो आणि नेमके पाय नि सोंड पुसली जाते.

फोटोत काय पाहायचं

सगळ्यात आधी आकार. कोंड्याचे कण लहानमोठे, वेडेवाकडे आणि चपटे असतात. एकाच जातीचे मोठे किडे मात्र लांबीला जवळजवळ सारखे असतात. चार ठिपके चार मापांचे असतील तर बहुधा कोंडाच. चारही साधारण तीन-चार मिलिमीटरचे, लांबट आणि कडा गुळगुळीत असतील तर शंका घ्या. दोन फोटोंत एखाद्या ठिपक्याची जागा बदलली असेल, तर मग शंकेलाही जागा नाही.

नागलीच्या पिठात तपकिरी ठिपके दिसतात ते तिच्या सालाचे. पेठ-सुरगाण्याकडची नागली दळून नेणाऱ्यांना हे नवीन नाही, पण पहिल्यांदा आणणारे घाबरतात. ज्वारीच्या दाण्याला देठापाशी काळा ठिपका असतो, तोही दळला की पिठात विखुरतो. यात कीड नाही.

आता खरी कीड. पिठात बहुतेक वेळा सापडतो तो सोंडा नसून पीठकिडा असतो. तो तांबूस तपकिरी, चपटा, तीन-चार मिलिमीटरचा असतो आणि त्याला सोंड नसते. सोंडा गडद असतो, तोंडाशी लांब सोंड असते, आणि चांगल्या फोटोत पाठीवर चार फिकट तांबूस डाग दिसतात. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण सोंडा अख्ख्या दाण्याच्या आत अंडं घालतो आणि त्याची अळी तिथेच वाढते. बारीक पिठात त्याची पैदास होत नाही. पिठात सोंडा दिसला तर तो जवळच्या तांदूळ-गव्हाच्या डब्यातून आलेला असतो, किंवा दळणाआधीच धान्यात होता. पिठाचा डबा कितीही धुतला तरी मूळ दुसरीकडेच राहतं.

अख्ख्या कडधान्यात भुंगा असतो. मूग, चवळी, मटकीच्या दाण्यावर खसखशीहूनही बारीक पांढरे ठिपके चिकटलेले दिसले आणि नखाने सहज निघत नसले, तर ती भुंग्याची अंडी. दाण्याला गोल भोक असेल तर भुंगा बाहेर पडून गेला आहे.

एक उदाहरण

सातपूरच्या एका ताईंनी ऑगस्टमध्ये फोटो पाठवला. स्टीलच्या डब्यात तीनेक किलो कणीक, वर तपकिरी ठिपके. त्यावरून काही सांगता येईना, म्हणून आम्ही वर लिहिल्याप्रमाणे परत मागवला. नव्या फोटोत सारख्या मापाचे तीन तांबूस ठिपके होते, त्यातल्या एकाचे पाय दिसत होते आणि दहा मिनिटांत तो पट्टीच्या दोन रेघा सरकला होता. हे पीठकिडे. पण चौथा ठिपका गडद होता आणि पुढे सोंड होती. ताईंना विचारलं, "याच कप्प्यात तांदूळ आहे का?" होता, उन्हाळ्यात भरून ठेवलेला. त्याचा फोटो मागवला तर दाण्यांना भोकं आणि तळाशी पांढरी भुकटी. म्हणजे कीड दोन प्रकारची होती आणि उपायही दोन ठिकाणी करायला हवा होता.

कणकेला वास नव्हता, रंग बदलला नव्हता, म्हणून ती वाचवता आली. पीठकिडे फार झाले की पीठ करडं-गुलाबीसर होतं आणि उग्र वास मारतं. तसं पीठ टाकून द्यायचं, चाळून खायचं नाही. किडे अंगातून जो द्रव सोडतात त्याचा तो वास असतो, चाळणीने तो जात नाही.

काय करायचं

बारीक चाळणीने किडे आणि अळ्या निघतात, पण अंडी पिठात माखलेली आणि इतकी बारीक असतात की तीही चाळणीतून खाली पडतात. म्हणून चाळल्यावर किलो-किलोच्या पिशव्या करून फ्रीझरमध्ये ठेवा. उणे १८ अंशांवर चार दिवस पुरतात. साध्या एकदारी फ्रिजचा बर्फकप्पा तितका थंड नसतो, तिथे आठवडा-दहा दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर पिठाला दव सुटून गोळे होतील.

तांदूळ, कडधान्याला नुसतं ऊन दाखवलं की मोठे किडे पळतात, दाण्यातली अळी राहते. उन्हाचा उपयोग करायचा तर काळ्या प्लॅस्टिकवर पातळ थर द्या, वर पारदर्शक प्लॅस्टिक घाला, कडा दाबा आणि कडक उन्हात दुपारभर राहू द्या. पावसाळ्यात नाशिकला ते जमत नाही, तेव्हा फ्रीझरच बरा. स्वच्छ, नवीन कडधान्याला किलोला लहान चमचाभर खाण्याचं तेल चोळून ठेवलं तर भुंग्याची अंडी फार जगत नाहीत. कडुलिंबाचा पाला ठेवायला हरकत नाही, पण लागलेली कीड त्याने जाते असा आमचा अनुभव नाही.

धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या घरात कधीही वापरू नका. त्यातून निघणारा वायू माणसाचा जीव घेतो. बोरिक पावडरही पिठात घालू नका, पीठ धुता येत नाही.

चार-पाच आठवड्यांनी पुन्हा एकदा चमचाभर पीठ कागदावर घेऊन बघा. आजच्या फोटोत अंडी दिसत नाहीत, त्यामुळे फोटो स्वच्छ आला म्हणजे पीठ स्वच्छ असं आम्ही कधीच सांगत नाही. शंका राहिलीच तर झाकणाच्या बरणीत नमुना घेऊन या, भिंगाखाली बघून देऊ.

एक विनंती. कीड लागलेलं धान्य दळायला आणणार असाल तर आधी सांगा. ते आम्ही दिवसाच्या शेवटी घेतो आणि नंतर जात्याचा कोठा व कापडी मोजा झाडतो. ही काळजी घरच्या आटा चक्कीलाही घ्यायला हवी. तिच्या कोपऱ्यात राहिलेलं मूठभर जुनं पीठ पुढच्या प्रत्येक दळणात मिसळतं.