जलरोधक मोजे आणि मेम्ब्रेनचे बूट

ओल्या वाटेवर चालताना पाय कोरडे राखण्यासाठी वापरली जाणारी दोन पर्यायी साधने. दोहोंत पाणी अडवण्याचे काम एक अतिशय पातळ मेम्ब्रेन करते. मुख्य फरक ते कोठे बसवलेले असते हा आहे. बुटात ते वरच्या कापडाच्या किंवा चामड्याच्या आड, अस्तराला चिकटवून शिवलेल्या मोजासदृश पिशवीच्या रूपात असते. जलरोधक मोज्यात ते बाहेरची नायलॉनची वीण आणि आतली लोकरीची किंवा कृत्रिम धाग्याची वीण यांच्या मध्ये असते. बूट पाणी बाहेरच अडवू पाहतो, तर मोजा बूट भिजू देतो आणि पाणी कातडीच्या अलीकडे थोपवतो. दोन्ही साधनांचे बहुतेक गुणदोष या एका फरकातून निघतात.

उगम : बुटांत दीर्घकाळ प्रचलित राहिलेले मेम्ब्रेन हे ताणलेल्या पॉलिटेट्राफ्लुओरोएथिलीनचे (पीटीएफई) असते. मूळ पदार्थ रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत योगायोगाने मिळाला. तो ताणून सच्छिद्र करण्याचे श्रेय सामान्यतः अमेरिकेतील रॉबर्ट गोर यांना दिले जाते. तापवलेली कांडी हळूहळू ताणली की तुटते, पण एकदम हिसका दिला तर ती अनेक पटींनी लांब होते आणि तिच्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात, असे त्यांना १९६९ मध्ये आढळले. १९७० मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला व १९७६ मध्ये पेटंट मिळाले. परंतु न्यूझीलंडच्या जॉन क्रॉपर यांनी १९६६ च्या सुमारास ताणलेल्या पीटीएफईची फीत बनवणारे यंत्र तयार केले होते आणि १९६८ मध्ये तसे एक यंत्र गोपनीयतेच्या अटीवर अमेरिकेतील बड कंपनीला विकलेही होते. गोर यांच्या कंपनीने गारलॉक या कंपनीविरुद्ध लावलेल्या दाव्यात हा मुद्दा पुढे आला. खालच्या न्यायालयाने पेटंट अवैध ठरवले. १९८३ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल बऱ्याच अंशी फिरवला. ज्याने आपली कृती गुप्त ठेवली त्याचे आधीचे काम, ती कृती पुढे स्वतंत्रपणे शोधून जाहीर करणाऱ्याच्या आड येत नाही, असा या निकालाचा आशय होता. तो पेटंटच्या हक्काचा निवाडा आहे, प्रथम शोधाचा नव्हे. त्यामुळे कृती प्रथम साधल्याचा मान क्रॉपर यांना आणि ती जगापुढे ठेवल्याचा मान गोर यांना देणे अधिक न्याय्य दिसते.

या मेम्ब्रेनचे कपडे १९७६ पासून आणि बूट १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून बाजारात आले. पहिल्या पिढीतील मेम्ब्रेन घामातील तेलकट अंशाने दूषित होऊन पाझरू लागे; म्हणून पुढे त्याच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा अखंड थर देण्यात आला. जलरोधक मोजे त्यामानाने अलीकडचे असून ते साधारण १९९० च्या दशकापासून, मुख्यतः ब्रिटनमधील दलदलीच्या माळरानांवर चालणाऱ्यांत रुळले. त्यांतील मेम्ब्रेन बहुधा पॉलियुरेथेनचे असते, कारण मोजा ताणला जाताना त्यालाही ताणावे लागते.

वाफेचे वहन : पाणी अडवूनही घामाची वाफ बाहेर सोडणे, हा दोन्ही साधनांचा दावा असतो. तो खोटा नाही. मात्र तो बाहेरच्या हवेवर अवलंबून आहे आणि हे वापरणाऱ्याला क्वचितच सांगितले जाते. मेम्ब्रेन वाफ ढकलत नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल, तरच ती बाहेर जाते. कातडीचे तापमान ३३° से. धरले, तर ओल्या कातडीलगत हा दाब सुमारे ५ किलोपास्कल असतो. आषाढातील सह्याद्रीत हवा २४° से. आणि बाष्पाने संपृक्त असेल, तर बाहेरचा दाबच सुमारे ३ किलोपास्कल असतो. म्हणजे फरक जेमतेम २ उरतो. हिमालयात १०° से. तापमानाच्या तितक्याच ओल्या हवेत बाहेरचा दाब सुमारे १.२ असतो. तेथे कातडीही गार, समजा ३०° से. असली, तरी फरक ३ च्या आसपास राहतो, शिवाय घामही कमी येतो. थोडक्यात, जेथे घाम सर्वांत जास्त तेथेच मेम्ब्रेन सर्वांत कमी काम करते. त्यातच बुटाचे बाहेरचे कापड भिजून त्यावर पाण्याचा थर बसला की वाफेची वाट आणखी मंदावते. कोकणच्या बाजूने घाट चढणाऱ्याचे मोजे बुटात पाण्याचा थेंब न शिरताही ओलेचिंब होतात ते यामुळे.

बूट कसा निकामी होतो : बुटाची पहिली आणि सर्वांत सामान्य त्रुटी दोषातून उद्भवत नाही. पाणी गळपट्टीवरून, म्हणजे बुटाच्या वरच्या काठावरून आत येते. मेम्ब्रेनची पिशवी जीभ जेथपर्यंत दोन्ही बाजूंना जोडलेली असते तेथपर्यंतच पाणी अडवते. आखूड बुटात ही उंची घोट्याच्या खालीच संपते. अर्धी विजार घालून धो-धो पावसात चालणाऱ्याच्या पोटरीवरून ओघळणारे पाणी तर उभ्या वाटेवर, ओढा न ओलांडताच, बुटात उतरते. एकदा आत आलेले पाणी बाहेर जाऊ शकत नाही, कारण जे मेम्ब्रेन ते बाहेर थोपवणार होते तेच आता ते आत साठवते. मुक्कामावर बूट पालथा केला तरी अस्तर व तळाच्या थरांतील पाणी राहते, आणि दमट हवेत असा बूट रात्रभरात वाळत नाही.

दुसरी त्रुटी झिजेची. पाऊल टाकताना बूट बोटांच्या मुळाशी दर वेळी दुमडतो; त्या घडीत मेम्ब्रेन थकते आणि अखेर तडकते. टाचेपाशी अस्तर घासून फाटते आणि आत शिरलेली वाळू मेम्ब्रेन कुरतडते. पिशवीच्या शिवणींवरील पट्टी सुटणे हे तिसरे कारण होय. या तिन्हींची दुरुस्ती घरी होत नाही, कारण मेम्ब्रेनपर्यंत हात पोहोचत नाही. बाहेरच्या कापडावरील पाणी झटकणारा लेप विरणे ही मात्र गळती नव्हे. त्याने बूट जड आणि थंड होतो व तो लेप पुन्हा देता येतो.

मोजा कसा निकामी होतो : मोज्यातही पाणी वरूनच येते, पण काठ पोटरीपर्यंत, लांब प्रकारात गुडघ्यापर्यंत असल्याने सीमा बरीच वर सरकते. त्या काठाखाली कातडीला सिलिकॉनची पट्टी चिकटत असेल तर थोडा बचाव होतो. नसेल तर बाहेरची ओली वीण काठावरून पाणी शोषून आतल्या विणीत पोहोचवते. मोजा भरला तर काढून पिळता येत नाही, कारण पिळल्याने थर एकमेकांपासून सुटतात. ज्या प्रकारांत थर सर्वत्र चिकटवलेले नसतात, त्यांत ओला पाय ओढून काढताना आतली वीण पायाबरोबर बाहेर येते आणि बोटांकडची बाजू पुन्हा नीट बसत नाही.

मोज्याचे मेम्ब्रेन बुटाच्या तुलनेत अधिक उघडे असते. अंगठ्याचे वाढलेले नख आतून आणि बुटात शिरलेले खडे बाहेरून त्याला भोक पाडतात. जाळीच्या बुटात मोजा वापरला, तर वाळू आत येणारच. म्हणून ओढ्यानंतर बूट काढून झटकणे हा मोज्याच्या आयुष्याचा भाग मानावा लागतो. पॉलियुरेथेनचे काही प्रकार दमट हवेत नुसते पडूनही विघटित होतात. पावसाळ्यानंतर ओलसर पिशवीत बांधून ठेवलेला मोजा पुढच्या ज्येष्ठात काढला तर आतून पापुद्रे सुटलेले आढळतात.

परीक्षा : ओल कोठून आली हे आधी ठरवावे. पाऊल सर्वत्र सारखेच दमट असेल आणि मोज्याचा काठ कोरडा असेल तर तो बहुधा घाम होय. बोटांच्या घडीशी किंवा टाचेशी एकच थंड डाग असेल तर गळती, आणि काठापासून खाली भिजले असेल तर पाणी वरून आले. बुटासाठी आत कोरडा टिशू कागद अंथरून घमेल्यात जीभ जोडलेली आहे त्याच्या दोन बोटे खालपर्यंत पाणी घ्यावे, बूट घालून दहा मिनिटे पाऊल दुमडत उभे राहावे आणि कागद पाहावा. पाऊल न दुमडता घेतलेली परीक्षा फसवी असते, कारण घडीतील तडा सपाट असताना मिटलेला असतो. मोज्यासाठी याहून सोपा उपाय आहे. काठ मुठीत आवळून आत हवा कोंडावी आणि मोजा बादलीत दाबावा. बाहेरच्या विणीतली हवा सुरुवातीस सर्वत्र बुडबुड्यांनी निघून जाते. त्यानंतर एकाच जागेहून सलग धार येत राहिली तर तेथे भोक आहे.

निवड : तीन प्रश्न पुरतात. पाणी किती खोल, हवा किती गार, आणि बूट वाळवायला संधी केव्हा. हरिश्चंद्रगडाची खिरेश्वरहून तोलार खिंडीमार्गे जाणारी जुलैतील वाट घ्या. ओहोळ घोट्याच्या वर येतात, पाऊस अखंड असतो, खाली हवा ऊबदार आणि माथ्यावर गार वाऱ्याची असते. येथे मेम्ब्रेनचा बूट पहिल्या ओहोळात भरतो आणि पुढे दिवसभर पाणी वाहून नेतो. जलरोधक मोजा ओहोळ सोसतो, पण चढणीवर घामाने भरतो. अशा वाटेला मेम्ब्रेन नसलेला, जाळीचा, पाणी लगेच सोडणारा, चांगली पकड असलेला बूट आणि पातळ साधा मोजा अधिक उपयुक्त असतो. जलरोधक मोजे न्यायचेच तर ते मुक्कामाला, कोरड्या पायांवर चढवून ओल्या बुटात वावरण्यासाठी न्यावेत. व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याच्या जंगल बुटांना पाणी निघण्यासाठी बाजूला छिद्रे होती, यामागचा विचारही पाणी अडवण्यापेक्षा ते लगेच बाहेर सोडावे हाच होता.

याउलट फुलांच्या दरीकडे जाणारी गोविंदघाट–घांगरिया ही उत्तराखंडातील वाट पावसाळ्यातही बहुतांशी बांधीव आहे. तेथे ओल असते ती पावसाची आणि उथळ डबक्यांची, आणि घांगरिया तीन हजार मीटरच्या आसपास असल्याने हवा गार. काठावर पाऊस उतरू नये म्हणून बुटावरून रेनपँट घेतली, तर मेम्ब्रेनचा बूट येथे आपले काम चोख करतो. गार दलदलीत, जेथे पाऊल वारंवार घोट्यापर्यंत रुतते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच ओला बूट घालायचा असतो, तेथे मात्र जलरोधक मोजा सरस ठरतो. तेथे त्याचा मुख्य लाभ ऊब हा आहे. थोडा घाम राहिला तरी थंड पाण्याची सतत अदलाबदल थांबते.

पायाचे आरोग्य : गोठणबिंदूच्या वरच्या थंडीत दीर्घकाळ ओल्या राहिलेल्या पायांना होणारी इजा पहिल्या महायुद्धात ट्रेंच फूट म्हणून कुप्रसिद्ध झाली. उष्ण प्रदेशात दोन-तीन दिवस सतत भिजल्याने तळव्यांची कातडी पांढरी, सुरकुतलेली व दुखरी होण्याचा वेगळा विकार आढळतो. दुसऱ्या प्रकारात पाणी बाहेरचे की घामाचे याने फरक पडत नाही. रात्री पाय काही तास पूर्ण कोरडे ठेवणे हाच प्रतिबंध होय.

माप : जलरोधक मोजा साध्या मोज्याहून जाड असतो, त्यामुळे त्याच्यासाठी बूट सामान्यतः अर्धा क्रमांक मोठा लागतो. घट्ट बुटात त्याची ऊब नाहीशी होते, रक्ताभिसरण मंदावते आणि मेम्ब्रेन दोन्ही बाजूंनी दाबले जाऊन बोटांशी लवकर फाटते. मोजा घालूनच बूट खरेदी करावा. सैल मोज्याची चुणी टाचेशी जमली तर तेथे आधी फोड येतो आणि मग भोक पडते.