कांदा लाल व्हायला एवढा वेळ का लागतो?

"अगं, गॅस बारीक कर, कांदा करपेल." आमच्या इंदूरच्या घरात रस्सा करायला घेतला की सासूबाईंचं हे वाक्य ठरलेलं. पाटोड्यांचा रस्सा असो की मटणाचा, कांदा मंद आचेवरच परतायचा, मग पाऊण तास गेला तरी चालेल. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. फक्त ते अर्धं दुसऱ्या टप्प्याचं आहे.

कांद्याच्या वजनात सुमारे ८९ टक्के पाणी असतं. अर्धा किलो कांदा म्हणजे जवळपास ४४५ ग्रॅम पाणी, आणि त्यातलं बहुतेक वाफ होऊन गेल्याशिवाय रंग धरायला सुरुवातच होत नाही. कढईत पाणी आहे तोवर कांद्याचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूवर अडकून राहतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच, त्यामुळे आपल्याकडे हा बिंदू ९८ अंशांच्या आसपास येतो. चारशे ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ९०० किलोज्यूल उष्णता लागते. गॅसची मोठी शेगडी पूर्ण आचेवर असताना भांड्याला सेकंदाला अंदाजे सव्वा किलोज्यूल पोचतात असं धरलं, तर नुसतं पाणी उडवायलाच बारा मिनिटं जातात. आच निम्मी केली की चोवीस. म्हणजे पाऊण तासातला मोठा हिस्सा कांदा भाजण्यात नाही, तो वाळवण्यात जातो. आणि ओला कांदा सहसा करपत नाही, म्हणून या टप्प्यात गॅस बारीक करण्यात काही राम नाही.

आता रंगाकडे वळू. हॉटेलच्या मेनूत 'कॅरॅमलाइज्ड कांदा' लिहितात, पण तो तपकिरी रंग मुख्यतः कॅरॅमलचा नसतो. कॅरॅमल म्हणजे नुसती साखर तापून तुटणं. फ्रुक्टोजला त्यासाठी सुमारे ११० अंश लागतात, ग्लुकोज आणि नेहमीच्या साखरेला १६० च्या आसपास. काही घरांत रश्श्याला रंग यावा म्हणून गरम तेलात चिमूटभर साखर टाकतात. ती वितळून तांबूस होते आणि टॉफीसारखा वास सुटतो, ते खरं कॅरॅमल. कांद्यात मात्र साखरेबरोबर थोडी अमिनो आम्लंही असतात. या दोघांची गाठ पडली की जी अभिक्रिया होते ती फ्रेंच शास्त्रज्ञ लुई-कामीय मेयार यांनी १९१२ मध्ये मांडली. पावाची साल, भाजलेलं मटण आणि खरपूस कांदा यांचा वास तिचाच. कांद्यात थोडं कॅरॅमलही होतं, पण घाई करायची तर मेयारला हाताशी धरावं, कारण तिला एक सोपी चावी आहे.

ती चावी म्हणजे खायचा सोडा. अमिनो आम्लाचा जो भाग साखरेला जाऊन चिकटतो, तो आम्लधर्मी वातावरणात बांधला गेलेला असतो. सोड्याने तो मोकळा होतो आणि रंग झपाट्याने चढतो. शिवाय सोडा कांद्याच्या पेशीभित्तींतलं पेक्टिन सैल करतो, म्हणून कांदा लवकर गळतो. रश्श्याला हे हवंच असतं. बिर्याणीवरच्या कुरकुरीत कांद्याला मात्र सोडा लावू नये, त्याचा लगदा होतो.

प्रमाणात माझी एकदा फजिती झाली. अर्धा किलो लाल कांद्यात अर्धा चमचा सोडा पडला. कांदा आधी हिरवट-पिवळा दिसायला लागला (त्यातली रंगद्रव्यं अल्कलीत रंग बदलतात), मग त्याचा चिखल झाला, आणि चव साबणासारखी. तो सगळा टाकावा लागला. अर्ध्या किलोला चहाच्या चमच्याचा आठवा भाग, म्हणजे दोन बोटांची चिमूट, पुरते.

आता माझी पद्धत अशी आहे. कांदा पातळ उभा चिरते आणि पसरट, जाड बुडाच्या भांड्यात चार चमचे तेलावर घालते. मीठ लगेच, म्हणजे पाणी लवकर सुटतं. चार मिनिटं झाकण, मग झाकण काढून सोडा आणि मोठी आच. ओलसर खदखद चालू आहे तोवर अधूनमधून हलवलं की झालं. आवाज बारीक, कोरडा चरचर व्हायला लागला, वाफ कमी झाली आणि कडा पिवळसर दिसल्या की पाणी संपलं. सासूबाईंचा गॅस आता बारीक करायचा.

यापुढे तळाशी तपकिरी थर धरतो. तो लागला असं वाटतं, पण तोच रंग आहे. एक चमचा पाणी शिंपडून उलथन्याने खरवडला की तो विरघळून सगळ्या कांद्यावर चढतो. तळ क्षणभर थंड होतो, त्यामुळे करपणंही टळतं, आणि चमचाभर पाणी मिनिटभराच्या आत उडून जातं. असं तीन-चारदा केलं की साधारण पंचवीस मिनिटांत कांदा गडद तांबूस होतो. थर काळा पडून वास कडवट झाला तर मात्र पाणी घालू नये, तो कडूपणा सगळीकडे पसरेल. वरचा चांगला कांदा दुसऱ्या भांड्यात काढून घ्यावा.

टोमॅटो नेहमी यानंतरच. त्याचं पाणी आणि आंबटपणा, दोन्हींनी रंग चढणं जागीच थांबतं. कांदा हवा त्याहून गडद व्हायला लागला की मी चिरलेला टोमॅटो ब्रेकसारखाच वापरते.