दूरस्थ गीतसहलेखन : शब्द व चाल (बेळगाव सीमाभाग)

एकाच गीताचे शब्द एकाने लिहायचे, चाल दुसऱ्याने बांधायची, दोघांनी वेगवेगळ्या गावी राहून आपापले कच्चे खर्डे एकमेकांकडे पाठवायचे आणि शेवटी ते एकत्र जुळवायचे, अशी गीतरचनेची पद्धत. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी भाषकांमध्ये एक जण गावी आणि दुसरा शिक्षण-नोकरीनिमित्त पुणे, कोल्हापूर वा गोव्यात, अशी जोडी सहज जमते. भजनी मंडळाची नवी पदे, गणेशोत्सवातील गीते, शाळांची स्वागतगीते व भावगीते या पद्धतीने रचता येतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः दोन खर्डे जुळवताना येणाऱ्या मात्रांच्या व उच्चारांच्या प्रश्नांचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : शब्द आणि चाल यांचे कर्ते वेगळे असणे मराठीला नवे नाही. एकोणिसाव्या शतकातील संगीत नाटकांच्या छापील प्रतींत बहुतेक पदांच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित गाण्याचे पहिले शब्द दिलेले असत. ती चाल ठाऊक असलेला कोणीही, कवीला न भेटता, ते पद म्हणू शके. दूर असलेल्या दोन माणसांनी एक गाणे पुरे करण्याची ही एक जुनी छापील सोय म्हणावी लागेल. संगीत नाटकाचे आद्य प्रवर्तक बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३–८५) यांचा जन्म आजच्या बेळगावी जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा. त्यांच्या पदांच्या चालींचे मूळ कोठले, याविषयी एकमत नाही. एक मत कीर्तनातील साकी, दिंडी व आर्या यांकडे आणि लावणीकडे बोट दाखवते. दुसरे मत त्यांच्या बालपणाच्या परिसरातील कानडी पदांना व खेळांना अधिक महत्त्व देते. पुण्यात झालेल्या पार्शी कंपनीच्या संगीत नाटकाचा प्रभावही सांगितला जातो. पण तो प्रयोगाच्या कल्पनेपुरता मानणे बरे. साकी-दिंडीची छंदोरचना मराठी कीर्तनात आधीच रुळलेली असल्याने पदांच्या घडणीपुरते पहिले मत अधिक टिकाऊ वाटते, मात्र स्वररचनेत कानडी अंश मिसळला असण्याचा संभव त्यामुळे नाहीसा होत नाही.

माथ्यावरच्या त्या निर्देशाची मर्यादा अशी की, एकच चाल गावोगावी निराळी गायली जाई. आज तिची जागा फोनवर ध्वनिमुद्रित केलेल्या कच्च्या चालीने घेतली आहे. ती निःसंदिग्ध असते. परंतु ती ऐकणाऱ्याला सम कोठे आहे हे आपोआप कळतेच असे नाही. पुढे येणारे बहुतेक घोटाळे येथूनच सुरू होतात.

आधी ठरवायचा सांगाडा : दोघांनी फोनवर एकाच वेळी गाऊन-वाजवून काम करणे व्यवहारात जमत नाही. आवाज पोहोचण्यास साधारण २५–३० मिलिसेकंदांहून अधिक उशीर झाला की एकत्र लय धरणे अवघड होते आणि इंटरनेटवरील साध्या कॉलमध्ये त्याहून बराच अधिक उशीर असतो. म्हणून खर्डे आळीपाळीने पाठवले जातात. त्यासाठी ताल, लय, स्वर आणि ओळीची लांबी या चार गोष्टी प्रथम लिहून ठरवाव्या लागतात. उदाहरणार्थ, केरवा (८ मात्रा), मिनिटाला १२० मात्रा, काळी एक, प्रत्येक ओळ दोन आवर्तनांची. या हिशेबाने एक आवर्तन ४ सेकंदांत व १६ मात्रांची ओळ ८ सेकंदांत पुरी होते. गीतकाराने आपली ओळ ठेक्यावर म्हणून पाहिली आणि ती दहा सेकंदांवर गेली, तर एकतर शब्द जास्त आहेत किंवा लय सुटली आहे, हे त्याला चाल न येताही समजते.

दोघांनी एकच ठेका कानाला लावून मुद्रण करावे व सुरुवातीला एक आवर्तन मोकळे सोडावे. तसे केले नाही, तर दोन मुद्रणे एकावर एक ठेवताना दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपासून ती सरकू लागतात. मुद्रण व्हॉट्सॲपवर आवाजी निरोप म्हणून पाठवल्यास त्याचा दर्जा दाबला जातो. शब्द तपासण्यास तो पुरतो, परंतु जुळवणीसाठी मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवणे आवश्यक ठरते. फाईलच्या नावातच स्वर, लय व खर्ड्याचा क्रमांक असावा, जसे `malaprabha_k1_120_02.m4a`.

एक नमुना : खानापूर तालुक्यातील कणकुंबी येथे उगम पावणाऱ्या मलप्रभेवर गीत रचायचे आहे, असे धरू. गीतकार गावी, संगीतकार पुण्यात. गीतकाराचा पहिला खर्डा असा :

कणकुंबीच्या डोंगरठायी
पहिला पाऊस झिरपत जाई

ऱ्हस्व अक्षराची एक व दीर्घाची दोन मात्रा धरून पहिली ओळ मोजली, तर ‘क-ण-कुं-बी-च्या’ ८ आणि ‘डों-ग-र-ठा-यी’ ८, म्हणजे १६ होतात. ही पादाकुलकाची घडण असून ती केरव्याच्या दोन आवर्तनांत नेमकी बसते. दुसऱ्या ओळीत ‘पहिला पाऊस’च्या मात्र ९ मात्रा भरतात. गीतकाराला ही चूक वाचताना जाणवत नाही, कारण बोलताना ‘पाऊस’मधील शेवटचा ‘स’ अर्धा उच्चारला जातो व ओळ १६ मात्रांचीच भासते. संगीतकाराच्या चालीत तेथे स्वर टिकवायचा असेल, तर तो ‘स’वर टिकवता येत नाही. गायक एकतर ‘पाऊसऽ’ असा अकार ओढतो किंवा ‘ऊ’ लांबवून ‘स’ पुढच्या मात्रेत ढकलतो आणि ‘झिरपत’ची सम चुकते. ‘पाऊस’ऐवजी ‘पाणी’ घेऊन ‘पहिले पाणी झिरपत जाई’ असे केले की मात्रा ८ व ८ होतात आणि ‘प-हि-ले-पा-णी’चा लघुगुरुक्रम ‘क-ण-कुं-बी-च्या’शी तंतोतंत जुळतो. तीच स्वरावली दोन्ही ओळींना चालते. उत्तरार्धात ‘डों’च्या दोन मात्रांच्या जागी ‘झि’ आणि ‘र’ ही दोन लघू अक्षरे येतात, म्हणून तेवढ्या ठिकाणी एक लांब स्वर दोन छोट्या स्वरांत फोडावा लागतो. हा बदल संगीतकाराकडचा. त्यासाठी शब्द बदलू नयेत.

संगीतकाराची पहिली चाल सातव्या मात्रेवर उठत होती. ‘क’ सातव्या, ‘ण’ आठव्या मात्रेवर आणि ‘कुं’ समेवर, हे ऐकायला भारदस्त वाटते. पण तोच हिशेब पुढे नेला की ‘डों’ सातव्या-आठव्या मात्रांवर जाते व ‘ग’ समेवर आदळतो. ‘डोंगर’ शब्द मधोमध फुटून कानाला ‘गरठायी’ असे काहीतरी ऐकू येते. खर्डे जुळवताना सर्वाधिक आढळणारा दोष हाच, आणि तो ‘ला ला’ करून म्हटलेल्या चालीत कधीच दिसत नाही. शब्द घालून, टाळी समेवर देत म्हटले तरच कळतो. शब्दांची दोन्ही शकले समेवर सुरू व्हायला हवीत, म्हणजे ‘क’ आणि ‘डों’ दोन्ही पहिल्या मात्रेवर यावेत.

संगीतकाराला उठाण सोडायचे नव्हते. यावर तोडगा असा, की गीतकाराने ओळीच्या आधी दोन मात्रांचा एक शब्द जोडावा : ‘बघ’. आता ‘बघ’ सातव्या-आठव्या मात्रांवर येतो व ‘कणकुंबीच्या’ समेवर. मात्र दुसऱ्या ओळीआधी असा शब्द घालता येत नाही, कारण पहिल्या ओळीचा ‘यी’ त्याच सातव्या-आठव्या मात्रा व्यापून बसलेला असतो. म्हणून उठाण ध्रुवपदाच्या आरंभीच ठेवायचे. ध्रुवपद पुन्हा घेताना वाद्यांचे एक आवर्तन सोडून त्याच्या शेवटच्या दोन मात्रांवर ‘बघ’ घ्यायचा. श्वासालाही जागा लागते. ‘यी’ दोनऐवजी एक मात्रा धरून आठवी मात्रा रिकामी ठेवली की गाणाऱ्याला ती मिळते. भजनी मंडळात ओळ झेलणारे असतात, तेथे ही सोय नसली तरी निभावते. एकट्या गायकाला ती हवीच.

जुळवणीचा कागद भातखंडे पद्धतीने, मात्रांच्या रकान्यांत शब्द मांडून केल्यास अशा जागा ताबडतोब नजरेस येतात. लांबवलेल्या अक्षरापुढे अवग्रह (ऽ) व समेला × ही खूण पुरते. स्वर लिहिता न येणारा गीतकारही एवढा तक्ता भरू शकतो.

कानडी चालींवर मराठी शब्द : या भागात चाल बांधणाऱ्याच्या कानात कानडी लोकगीते, तत्त्वपदे व पारिजाताच्या खेळातील पदे असणे स्वाभाविक आहे. कानडी शब्द बहुधा स्वरान्त असतात. परभाषेतून घेतलेल्या शब्दांनाही ‘बस्सु’, ‘कारु’ असा उकार लागतो. त्यामुळे शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर लांब स्वर ठेवणे त्या चालींना सोयीचे जाते. मराठीत ‘रान’, ‘घाट’, ‘पाऊस’ हे शब्द लिहिताना अकारान्त, तर बोलताना व्यंजनान्त. भजनात व जुन्या पदांत अन्त्य अकाराचा पूर्ण उच्चार खपतो, किंबहुना तो ढंगाचा भाग असतो. भावगीतात तो कृत्रिम वाटतो. म्हणून कानडी वळणाची चाल आल्यास लांब स्वरांच्या जागी ‘रानी’, ‘वाटा’, ‘माथी’ अशी दीर्घस्वरान्त रूपे शोधावी लागतात.

दुसरा फरक यमकाचा. जुन्या कानडी काव्यात प्रत्येक चरणाच्या दुसऱ्या अक्षरात साम्य राखण्याचा नियम होता (द्वितीयाक्षरप्रास) आणि लोकगीतांतही त्याचा ठसा आढळतो. मराठी यमक चरणाच्या शेवटी. कानडी गीतावरून घेतलेल्या चालीत कधीकधी ओळीच्या आरंभी जोर व शेवटी झटपट उतार असतो. तेथे मराठी यमक घाईत विरून जाते. अशा वेळी संगीतकाराला चालीचा शेवट थोडा सैल करण्यास सांगणे हा सरळ मार्ग. आरंभी अनुप्रास साधून चालीचे मूळ वळण राखणेही शक्य आहे, पण ते प्रत्येक कडव्यात निभावणे कठीण.

शब्द आधी की चाल आधी : दोन्ही क्रम रूढ आहेत. चाल आधी आल्यास संगीतकाराने तिच्यावर निरर्थक का होईना, ‘डमी’ शब्द घालून पाठवणे उपयुक्त, कारण नुसत्या आलापातून अक्षरसंख्या समजत नाही. शब्द आधी आल्यास सर्व कडवी एकाच मात्रासंख्येत आहेत का, हे गीतकाराने पाठवण्यापूर्वी तपासावे. अभंगाच्या बाबतीत अक्षरे मोजायची असतात (मोठा अभंग ६-६-६-४), मात्रा नव्हेत. तेथे लघुगुरूचा ताळमेळ चालीनेच सांभाळायचा असतो.

कर्तृत्व व हक्क : भारतीय कॉपीराइट अधिनियम, १९५७ नुसार संगीतकृतीत गायचे शब्द अंतर्भूत होत नाहीत, शब्द ही स्वतंत्र साहित्यकृती ठरते. त्यामुळे गीतकार शब्दांचा व संगीतकार चालीचा कर्ता. दोघांचे योगदान वेगळे ओळखता येत असल्याने हे त्या कायद्यातील ‘संयुक्त कर्तृत्व’ होत नाही. वरील नमुन्यातील ‘पाणी’सारखी सूचना संगीतकाराकडून आली, तरी तेवढ्याने तो शब्दांचा सहकर्ता ठरेल असे नाही. परंतु एखादे कडवेच एकाने लिहिले आणि दुसऱ्याने मोडून पुन्हा रचले, तर कोणाचे किती हे मागाहून सांगणे अवघड होते. क्रमांक दिलेले खर्डे आणि सोबतचे निरोप तेव्हा पुरावा म्हणून उपयोगी पडतात, म्हणून अखेरचा खर्डा पक्का झाल्यावरही आधीचे पुसू नयेत.